सेल्फ अप्रेझल परत लिहायचंय: आकडे द्यायचेत पण फुशारकी वाटायला नको

बोअरगेज
नमस्कार मंडळी. चाकणला एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या व्हेंडर कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. एप्रिल ते मार्च वर्षाचं सेल्फ अप्रेझल भरून दिलं होतं ते साहेबांनी परत पाठवलं, खाली एकच ओळ, "स्पेसिफिक लिही, पुरावा दे". गेल्या वर्षी आकडे टाकले होते तेव्हा प्रॉडक्शनवाले म्हणाले होते की हा तर सगळं एकट्यानेच केल्यासारखं लिहितोय, म्हणून या वेळी मुद्दाम मवाळ लिहिलं तर हे असं. फॉर्म इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकतो:

"या वर्षात मी अत्यंत मेहनतीने व समर्पणाने काम केले. हब लाइनवरील रिजेक्शन लक्षणीय प्रमाणात कमी केले. रूट कॉज शोधून कायमस्वरूपी उपाय केला. टीमवर्कवर माझा नेहमीच भर असतो. कस्टमर सॅटिस्फॅक्शनसाठी सदैव प्रयत्नशील."

शुक्रवारपर्यंत परत द्यायचंय. काय करू?

बेलकर्व्ह बळी
काही करू नका. रेटिंग आधीच ठरलेलं असतं, कोणाला 4 द्यायचे, कोणाला 3 हे साहेबांनी फॉर्म उघडायच्या आधीच मनात लिहिलेलं असतं. फॉर्म म्हणजे नुसता एचआरचा सोपस्कार. मागच्या वर्षी एका मित्राने अख्खा फॉर्म कॉपी पेस्ट केला तरी तेच रेटिंग आलं.

बिनधास्त
बळीभाऊंकडे लक्ष देऊ नका. मी सेल्समध्ये आहे, आमच्याकडे सरळ हिशोब, आकडा टाका, मोठा टाका, बोल्ड करा. रिजेक्शन किती टक्के कमी झालं? त्याला पैशात बदला, वर्षाचं करा, आणि पहिल्याच ओळीत "माझ्यामुळे कंपनीचे इतके लाख वाचले". लाजायचं कशाला, आपलं आपणच नाही सांगितलं तर कोण सांगणार.

भाऊसाहेब
तुम्हाला प्रतिकूल शेरा कळवला आहे का? तसं असेल तर मुदतीत अभिवेदन द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. माझ्या एका सहकाऱ्याचा अर्ज पोच नसल्यामुळे अडकला होता. तोंडी कोणाला काही बोलू नका.

बोअरगेज
भाऊसाहेब, शेरा नाहीये हो, प्रायव्हेट कंपनी आहे, नुसतं परत लिहायला सांगितलंय. :)

बिनधास्त, आकडे काढलेत. एप्रिल-जून बोअर ओव्हरसाइझचं, म्हणजे हबचं मधलं भोक ठरल्यापेक्षा मोठं निघाल्याचं, रिजेक्शन 2.4 टक्के होतं, ऑक्टोबर-डिसेंबरला 0.7 टक्के.

बिनधास्त
मग झालं की! एका हबची कॉस्ट किती?

बोअरगेज
85 रुपये धरतात. ऑक्टोबर-डिसेंबरला 1,05,000 हब बनले.

बिनधास्त
1.7 टक्के म्हणजे 1,785 हब, गुणिले 85, गुणिले चार तिमाही. सहा लाखांच्या वर! "वार्षिक सहा लाखांची बचत". हे लिहा आणि पार्टी द्या.

मिरजमळा
थांबा थांबा. बोअरगेज, ते सहा लाख लिहू नका, साहेब अडचणीत येतील.

मी बरीच वर्षं अशाच एका कंपनीत क्वालिटी हेड होते, टेबलाच्या पलीकडे बसून असे फॉर्म ढिगाने वाचलेत. तुमचा फॉर्म साहेब वाचतात तेवढ्यावर काम संपत नाही. पुढे एक मीटिंग असते, सगळ्या डिपार्टमेंटचे हेड बसतात, प्रत्येक जण आपल्या माणसासाठी भांडतो, आणि तिथे तुमचे साहेब तुमच्या फॉर्ममधली दोन-तीन वाक्यं मोठ्याने वाचून दाखवतात. समोर प्रॉडक्शन हेड बसलेला असतो, अकाउंट्सचा माणूस बसलेला असतो. "सहा लाख" म्हटल्यावर अकाउंट्सवाला विचारणार, स्क्रॅप विकून आलेले पैसे वजा केले का? वर्षभर झालं का खरंच? आणि एकदा ते वाक्य पडलं की बाकीची खरी वाक्यंही संशयात जातात.

म्हणून लिहिताना मी माझ्या पोरांना एकच सांगायचे, हे वाक्य प्रॉडक्शन हेडच्या तोंडावर वाचता येईल का? तो मान हलवेल की "अरे पण" म्हणेल? तो "अरे पण" म्हणणार असेल तर तो जे म्हणेल ते तुम्हीच आधी लिहून टाका. फुशारकीचा प्रश्न तिथेच सुटतो. लोकांना आकड्याने खुपत नाही, दुसऱ्याचं श्रेय आणि गैरसोयीची माहिती गायब असली की खुपतं.

आता मला सांगा, नेमकं काय घडलं होतं? अप्रेझलच्या भाषेत नको, चहा पिताना सांगाल तसं सांगा.

बोअरगेज
ताई, सांगतो. हबचा बोअर सीएनसीवर फिनिश होतो. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टीप, झिजत गेला की बोअर लहान येतो म्हणून ऑपरेटर मशीनला थोडा थोडा ऑफसेट देत टूल बाहेर सरकवत जातो. साधारण 300 पीसला इन्सर्ट बदलायचा. नवीन इन्सर्ट लावला पण जुना ऑफसेट तसाच राहिला की बोअर मोठा येतो, आणि मोठा बोअर म्हणजे थेट स्क्रॅप, लहान असता तर परत लावून रीवर्क झाला असता. पुढचं चेकिंग होईपर्यंत सहा-सात पीस निघून गेलेले असायचे.

म्हणजे 300 मागे सात, साधारण 2.3 टक्के, त्या 2.4 च्या जवळपासच. हे कळायला वेळ लागला कारण सगळे मटेरियलला दोष देत होते, कास्टिंग मऊ येतंय वगैरे. मी इन्सर्ट बदलायचं रजिस्टर आणि रिजेक्शनच्या टॅगवरची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघितली तर बहुतेक खराब पीस इन्सर्ट बदलल्यानंतरचेच होते. मग नियम केला, इन्सर्ट बदलला की ऑफसेट शून्य, पहिला पीस एअर गेजवर ओके झाल्याशिवाय सायकल स्टार्ट नाही.

दुसरी पाळी
मी पंधरा वर्षं मशीनवर होतो, आता सुपरवायझर. एक विचारतो, राग मानू नका. इन्सर्ट बदलल्यावरच माल खराब येतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? कारण ऑपरेटरला हे माहीत नव्हतं असं मला पटत नाही.

बोअरगेज
बरोबर पकडलंत दादा. दुसऱ्या शिफ्टच्या एका जुन्या ऑपरेटरने सांगितलं होतं की साहेब टूल बदलल्यावर बघा एकदा. त्यावरूनच मी रजिस्टर काढलं.

दुसरी पाळी
मग तुमच्या फॉर्मात तो कुठाय? "रूट कॉज शोधून" असं लिहिलंय. हे वाचून तो मनात काय म्हणेल? आमच्याकडे याच गोष्टीवरून लोकांनी सांगायचं बंद केलं, सांगून काय उपयोग, नाव इंजिनिअरचं होतं.

मिरजमळा
दुसरी पाळी यांना शंभर टक्के अनुमोदन. आणि बोअरगेज, ऑपरेटरचा उल्लेख केल्याने तुमचं काम कमी होत नाही. त्याला अंदाज होता, पण तो अंदाज आकड्यांनी दाखवल्याशिवाय कास्टिंगवाला वाद संपलाच नसता. ते तुम्ही केलं. वाक्य असं होईल बघा: "दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने टूल बदलल्यानंतर माल खराब येतो असं सांगितलं. मी इन्सर्ट रजिस्टर आणि रिजेक्शन टॅगच्या वेळा जुळवून ते तपासलं." या दोन वाक्यांवर कोणीही हरकत घेऊ शकत नाही, आणि तुमचं नेमकं काय काम होतं ते पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं.

आता पुढचे प्रश्न. ऑफसेट शून्य करायचं काम ऑपरेटर हाताने करतो का? आणि जानेवारी-मार्च कुठे गेलं? वर्ष मार्चला संपतं, तुम्ही डिसेंबरला थांबलात.

बोअरगेज
ऑफसेट आधी हाताने करत होते, विसरायचे. मग सप्टेंबरमध्ये मेथड्सवाल्या मुलाने प्रोग्रॅममध्येच टाकलं की टूल लाइफ काउंटर रीसेट केला की ऑफसेट आपोआप शून्य होतो. ते माझं काम नाही.

जानेवारी-मार्चला 1.1 टक्के आलं. 1,10,000 पैकी 1,210. फेब्रुवारीत परचेसने इन्सर्टचा ब्रँड बदलला, तो पहिल्यांदाच थोडा वेगळा बसतो, शून्य ऑफसेटलाही एखादा पीस वर जातो. म्हणून ते टाकलं नव्हतं, त्यात माझा काही संबंध नाही.

बिनधास्त
बरोबर केलंत, परचेसची चूक आपल्या फॉर्मात कशाला ओढायची. चांगला क्वार्टर दाखवायचा, हे कॉमन सेन्स आहे.

मिरजमळा
बिनधास्त, सेल्समध्ये चालत असेल. इथे डेली रिजेक्शन रिपोर्ट सगळ्या हेडना रोज सकाळी मेलवर जातो, जानेवारी-मार्चचा आकडा त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो गाळला की 0.7 सुद्धा निवडून काढलेला वाटतो. आणि 1.1 तरी वाईट कुठे आहे? सुरुवातीच्या 2.4 च्या निम्म्याहून कमीच आहे. उलट नवीन इन्सर्ट आल्यावर वाढ का झाली हे तुम्हाला माहीत आहे, ते लिहिलंत तर समजतं की हा माणूस आकड्यावर लक्ष ठेवून बसलाय.

आणखी एक. टक्केच द्या, नुसते नग नको. एप्रिल-जूनला किती बनले होते?

बोअरगेज
1,20,000 बनले, 2,880 गेले. ऑक्टोबर-डिसेंबरला 1,05,000 पैकी 735.

मिरजमळा
हेच म्हणत होते. नुसतं "2,880 वरून 735" लिहिलं असतं तर पाऊण माल वाचला असं दिसलं असतं, पण माल मुळात कमी बनला होता. टक्के आणि शेजारी एकूण उत्पादन, दोन्ही ठेवा.

पैशाचं. स्क्रॅपला एका हबचे किती येतात?

बोअरगेज
अकाउंट्सला विचारलं आत्ता, 20 रुपयांच्या आसपास.

मिरजमळा
मग एका हबमागे नुकसान 65. एप्रिल-जूनच्याच दराने रिजेक्शन चालू राहिलं असतं तर ऑक्टोबर-डिसेंबरला 1,785 आणि जानेवारी-मार्चला 1,430 हब जास्त गेले असते, मिळून 3,215. गुणिले 65 म्हणजे साधारण 2 लाख 9 हजार, सहा महिन्यांत. हे झालेलं आहे, मोजलेलं आहे. बिनधास्तच्या सहा लाखांत अजून न घडलेले महिने आहेत, स्क्रॅपचे पैसे वजा नाहीत आणि वाईट तिमाही नाही. "सुमारे 2.1 लाख, स्क्रॅप वसुली वजा करून, दर अकाउंट्सकडून घेतला" एवढं पुरे. आणि "माझ्यामुळे" नको, "या बदलानंतर" लिहा.

बेलकर्व्ह बळी
ताई, एवढी मेहनत करून शेवटी इन्क्रिमेंटमध्ये किती फरक? खरं सांगा.

मिरजमळा
खरं सांगते. बजेट ठरलेलं असतं, बहुतेकांना फॉर्मने फरक पडत नाही, तुम्ही म्हणता ते निम्मं खरं आहे. फरक कुठे पडतो, तर 3 आणि 4 च्या सीमेवर चार-पाच जण असतात आणि जागा दोनच असतात तेव्हा. त्या वेळी ज्याच्या साहेबाकडे वाचून दाखवायला काही असतं त्याचं नाव पुढे सरकतं. आणि प्रमोशनच्या वेळी मागचे फॉर्म काढतात, तोपर्यंत साहेब बदललेले असतात, नवीन साहेबाला तुमच्याबद्दल कागदावर आहे तेवढंच माहीत असतं.

मांडवी
मधेच घुसतेय. मी पणजीला पेरोल बघते, साडेसहाशे माणसांचा पगार. माझ्या कामात रिजेक्शन वगैरे नाही, काहीच घडलं नाही म्हणजे काम चांगलं झालं. पीएफ दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत, टीडीएस 7 च्या आत, मार्चचा 30 एप्रिलच्या आत, एकदाही दंड नाही. हे लिहिलं तर साहेब म्हणतात हे तर तुझं कामच आहे. मग लिहायचं काय?

बिनधास्त
"झिरो पेनल्टी, शंभर टक्के कंप्लायन्स"! भारी वाटतं.

मिरजमळा
मांडवी, पेरोल माझं क्षेत्र नाही, पण तुमचे साहेब चूक नाहीत असं मला वाटतं. तारीख पाळणं एका ओळीत संपवा. बघण्यासारखं हे आहे की पगार झाल्यानंतर किती जणांच्या दुरुस्त्या कराव्या लागतात. तो आकडा ठेवता का?

मांडवी
असा वेगळा नाही ठेवत, पण पुरवणी पगाराची शीट दर महिन्याला असते त्यातून मोजता येईल. ओव्हरटाइमच्या चुकाच जास्त, साइटवरून हजेरी उशिरा येते. मी ऑगस्टपासून 25 तारखेला साइटवाल्यांना अर्धवट हजेरी पाठवायला सांगते, त्याने कमी झाल्यात नक्की, पण मोजलं नाही.

मिरजमळा
मग मोजा. ऑगस्टच्या आधीच्या आणि नंतरच्या शीट काढा. कमी झाल्या नसतील तरी कळेल ना. फक्त दिवाळीचा महिना बघून घ्या, बोनसच्या दुरुस्त्या वेगळ्या ठेवा, नाहीतर तुलना चुकेल.

भाऊसाहेब
आमच्याकडे उद्दिष्ट आणि साध्य असे दोन रकाने असतात. उद्दिष्ट गाठलं नसेल तर कारण लिहावं लागतं. मला तरी तो जानेवारी-मार्चचा खुलासा आवडला. मात्र कारण लिहिताना दुसऱ्या शाखेवर ढकलल्यासारखं दिसू नये, ती शाखा नंतर फाइल अडवते. अनुभव आहे.

बोअरगेज
भाऊसाहेब हे लाखमोलाचं बोललात, परचेस हेड तिथेच बसलेला असतो. नवीन ड्राफ्ट टाकतो, बघा:

"हब लाइन, बोअर ओव्हरसाइझ रिजेक्शन. एप्रिल-जून 2.4 टक्के (1,20,000 पैकी 2,880). दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने टूल बदलल्यानंतर माल खराब येतो असे सांगितले. मी इन्सर्ट रजिस्टर व रिजेक्शन टॅगच्या वेळा जुळवून हे तपासले. बहुतेक खराब पीस इन्सर्ट बदलल्यानंतरचे पहिले सहा-सात होते. इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस एअर गेजवर तपासूनच पुढे जायचे ही पद्धत मी तिन्ही शिफ्टमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये लागू केली. सप्टेंबरमध्ये मेथड्सने ऑफसेट आपोआप शून्य होण्याचा बदल प्रोग्रॅममध्ये केला. ऑक्टोबर-डिसेंबर 0.7 टक्के (1,05,000 पैकी 735), जानेवारी-मार्च 1.1 टक्के (1,10,000 पैकी 1,210). फेब्रुवारीपासून नवीन ब्रँडच्या इन्सर्टला सुरुवातीचा ऑफसेट वेगळा लागतो. तो ठरवण्याची चाचणी परचेस व मेथड्ससोबत सुरू आहे. सहा महिन्यांतील बचत सुमारे 2.1 लाख रुपये, स्क्रॅप वसुली वजा करून. आधार: डेली रिजेक्शन रिपोर्ट, इन्सर्ट रजिस्टर, फर्स्ट पीस शीट."

मेहनत, समर्पण, टीमवर्क सगळं उडवलं.

दुसरी पाळी
आता वाचायला बरं वाटतंय. पण ऑपरेटरचं नाव टाका की. "ऑपरेटरने" म्हणजे कोण? तिन्ही शिफ्टला मिळून बरेच ऑपरेटर आहेत.

मिरजमळा
नाव टाका, पण त्याला विचारून. आणि साहेबांना सांगा की त्याला कायझेनचं बक्षीस सुचवा, ती वेगळी चिठ्ठी लागते, तुमच्या फॉर्मने त्याला काही मिळत नाही.

ड्राफ्ट चांगला झालाय. एक शंका आहे. ऑगस्टपर्यंत तुमची पद्धत, सप्टेंबरला मेथड्सचा बदल. 0.7 पैकी किती तुमच्या पद्धतीमुळे आणि किती प्रोग्रॅममुळे? सप्टेंबरच्या आधीचा आकडा आहे का?

बोअरगेज
जुलै-सप्टेंबर सरासरी 1.5 आहे पण पद्धत जुलैत एका शिफ्टला, ऑगस्टमध्ये तिन्ही शिफ्टला, सप्टेंबरला प्रोग्रॅम, सगळं मिसळलंय. ऑगस्टचा एकटा काढला तर 1.3.

मिरजमळा
मग ऑगस्टचा 1.3 टाका. प्रोग्रॅमच्या आधी, तिन्ही शिफ्ट चालू असतानाचा तोच एक स्वच्छ महिना आहे. एका महिन्यावर फार भरवसा ठेवू नये, पण तुमच्या वाट्याचा अंदाज त्यावरून येतो आणि मेथड्सचा मुलगाही खूश राहील, उरलेली घट त्याच्या बाजूला दिसते.

बिनधास्त
मला अजूनही वाटतं एवढं खरं खरं लिहिलं तर 3 च मिळणार. स्वतःला रेटिंग किती देताय?

बोअरगेज
तेच विचारणार होतो. सेल्फ रेटिंगला 4 टाकू की 5? 5 टाकलं तर जास्त होतं, 4 टाकलं तर साहेब एक कमी करून 3 करतात.

मिरजमळा
5 ची व्याख्या फॉर्मच्या मागे लिहिलेली असते, आधी ती वाचा. आमच्याकडे 5 म्हणजे दुसऱ्या लाइनवरही ती पद्धत गेली पाहिजे असं होतं. तुमची दुसऱ्या लाइनवर गेली का?

बोअरगेज
फ्लँज लाइनवर एप्रिलपासून सुरू केली, म्हणजे या वर्षात नाही.

मिरजमळा
मग माझ्या मते 4. फ्लँजचं पुढच्या वर्षीच्या उद्दिष्टांत टाका, आणि सुरू करायच्या आधीचा आकडा आजच लिहून ठेवा, वर्षअखेरीला शोधत बसावा लागतो.

बेलकर्व्ह बळी
मी तर म्हणतो 5 टाका, साहेब 4 करतील. आमच्याकडे भाजीवाल्यासारखंच चालतं.

दुसरी पाळी
बळीभाऊंशी या एका बाबतीत सहमत. :)

मांडवी
मी शीट काढल्या. ऑगस्टच्या आधी महिन्याला सरासरी 31 दुरुस्त्या, नंतर 19, दिवाळीचा महिना सोडून. पण साइटवरची माणसंही त्याच सुमाराला कमी झाली, एक कॉन्ट्रॅक्ट संपलं. मग दर शंभर माणसांमागे काढायचं का?

मिरजमळा
हो, आणि संपलेल्या कॉन्ट्रॅक्टची माणसं आधीच्या महिन्यांतूनही बाजूला काढून एकदा बघा. तीच साइट चुका जास्त करत असेल तर चित्र बदलेल.